मुलाखतीआधीचे १४ दिवस: आधी कागद, मग कंपनी, मग आवाज

मुलाखतीची तारीख कळली की बहुतेक उमेदवार आधी कंपनीची वेबसाइट उघडतात, मग ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ वाचत बसतात आणि कागदपत्रांची फाइल आदल्या रात्री लावतात. दोन आठवडे हाताशी असतील तर हा क्रम उलटा केलेला बरा. वाचन तुमच्या हातात असतं, ते रात्री अकरालाही होतं. कागद मात्र दुसऱ्याच्या सहीवर अडलेले असतात. अनुभवपत्रातली एक तारीख दुरुस्त करून घ्यायची तर जुन्या ऑफिसातला माणूस रजेवर असतो, तो आल्यावर त्याचा साहेब दौऱ्यावर असतो, आणि यात आठवडा सहज जातो. म्हणून पहिला दिवस कागदांचा.

पुढचं सगळं एका उदाहरणावरून पाहू, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. समजा, एक उमेदवार मध्यम आकाराच्या कंपनीच्या अकाउंट्स विभागात चार वर्षं पुरवठादारांची बिलं सांभाळते आहे. त्याआधी तिनं दुसरीकडे एक नोकरी केलेली आहे. आता तिला एका मोठ्या उत्पादक कंपनीनं याच कामासाठी, पण एक पायरी वरच्या जागेसाठी बोलावलं आहे. पॅनेलमध्ये तिघं असतील आणि वेळ ४५ मिनिटांची आहे. हे दोन तपशील तिला आपोआप कळलेले नाहीत. बोलावण्याच्या ईमेलला होकार देताना तिनं विचारून घेतले: किती फेऱ्या आहेत, समोर कोण असेल, वेळ किती, लेखी चाचणी आहे का, प्रत्यक्ष यायचं की व्हिडिओवर. असं विचारणं आगाऊपणाचं वाटेल म्हणून लोक गप्प बसतात. प्रत्यक्षात एचआरकडे ही माहिती तयारच असते आणि विचारणाऱ्याला ती सहसा मिळते. एक्सेलची चाचणी आहे हे पहिल्या दिवशी कळणं आणि खुर्चीत बसल्यावर कळणं, यात फार फरक आहे.

पहिल्या दिवशी एक कोरा कागद घेऊन प्रत्येक नोकरीपुढे चार गोष्टी लिहायच्या: कंपनीचं पूर्ण नाव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि पद. मग हीच माहिती नेमणूकपत्रात काय आहे, कार्यमुक्तीच्या पत्रात काय आहे, पाठवलेल्या रेझ्युमेमध्ये काय आहे आणि ऑनलाइन अर्जात काय भरली होती, हे शेजारी शेजारी मांडायचं. हे करणाऱ्यांपैकी अनेकांना कुठे ना कुठे तफावत सापडते. आपल्या उमेदवाराला दोन सापडल्या. पहिली नोकरी जूनमध्ये सोडली असं रेझ्युमेत होतं, पत्रात मेची शेवटची तारीख होती. आणि सध्याचं पद तिनं ‘सीनियर अकाउंटंट’ लिहिलं होतं, पण कागदोपत्री ती ‘अकाउंट्स असिस्टंट’च होती. दोन वर्षांनी काम वाढलं, लोक तिला सीनियर म्हणू लागले, पत्र मात्र कुणी बदललं नाही.

यात लबाडी काही नाही, पण नेमणुकीनंतर पार्श्वभूमी तपासणारा माणूस ऑफिसातल्या गप्पा ऐकत नाही, तो पत्र पाहतो. म्हणून रेझ्युमेत पद पत्राप्रमाणेच लिहायचं आणि लगेच खालच्या ओळीत प्रत्यक्ष काम: दोन कनिष्ठ सहकाऱ्यांच्या बिलांची तपासणी, महिनाअखेरीच्या नोंदी, वगैरे. तारखांच्या बाबतीतही पत्र प्रमाण. फक्त वर्षं लिहिण्याची सवय तर टाळायलाच हवी. ‘२०२१ ते २०२३’ या नोंदीत १२ महिन्यांपासून ३६ महिन्यांपर्यंत काहीही मावतं, आणि अनुभवी मुलाखतकार नेमकं तिथेच बोट ठेवतो. पत्रातच चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीचा ईमेल पाठवायचा. उत्तर वेळेत आलं नाही तरी ‘दुरुस्ती मागितली आहे, हा त्याचा ईमेल’ एवढं दाखवता येतं.

रेझ्युमे असा दुरुस्त केला तर जुनी प्रत फेकू नये. पॅनेलसमोर तुम्ही आधी पाठवलेलीच प्रत असते आणि प्रश्न तिच्यावरून येतात. बदल तारखेचा किंवा पदाचा असेल तर मुलाखतीआधीच एचआरला दोन ओळींत कळवून नवी प्रत पाठवावी. पॅनेलमधल्या कुणीतरी तफावत शोधून काढली की तोच बदल लपवाछपवीसारखा दिसू लागतो.

बाकी फाइल सोपी आहे. ओळखपत्र, शिक्षणाची प्रमाणपत्रं, नोकरीची पत्रं, मागितल्या असतील तर पगाराच्या स्लिपा. मूळ कागद एका फोल्डरमध्ये, छायाप्रतींचे दोन संच वेगळे, आणि सगळ्याचं स्कॅन. स्कॅनच्या फाइलला फोनने दिलेलं आकड्यांचं नाव ठेवू नये. नाव आणि कागद कळेल असं नाव द्यावं. मूळ कागद दाखवायचे असतात. मुलाखतीच्या टप्प्यावर ते कुणी ठेवून घ्यायला मागितले तर विनयानं नकार द्यावा. नावाचं स्पेलिंग दोन प्रमाणपत्रांत वेगळं असेल तर तेही आजच पाहायचं, कारण त्याचा उपाय वेळ खातो. ज्यांची नावं संदर्भ म्हणून द्यायची त्या दोघांना फोन करून परवानगी घ्यायची आणि जागा कोणती आहे तेही सांगायचं. ज्याला अचानक फोन येतो तो माणूस ‘चांगली मुलगी आहे’ याच्या पुढे फारसं बोलू शकत नाही.

दुसऱ्या दिवसापासून अभ्यास, आणि तो कंपनीच्या इतिहासापासून सुरू करू नये. सुरुवात जाहिरातीपासून. जाहिरातीतली प्रत्येक ओळ वहीच्या डाव्या बाजूला उतरवून काढायची आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न: हे मी केलं आहे याचा एक प्रसंग कोणता? आपल्या उदाहरणात नऊ ओळी होत्या. त्यांतल्या तीन म्हणजे नुसती नेहमीची भर: संवादकौशल्य, संघभावना, दबावाखाली काम. खरं वजन चार ओळींवर होतं. बिल, खरेदी ऑर्डर आणि माल मिळाल्याची नोंद यांचा ताळमेळ. पुरवठादारांच्या तक्रारी सोडवणं. महिनाअखेरीचं क्लोजिंग वेळेत. आणि प्रक्रियेत सुधारणा. वजनदार ओळी ओळखायची खूण अशी की त्या वरच्या भागात असतात, त्यात कामाचं नेमकं नाव असतं, किंवा तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत दोनदा आलेली असते. इथे पुरवठादारांचा उल्लेख तीन ठिकाणी होता. कंपनीला कुठे दुखतं आहे याचा तो पहिला सुगावा.

उजवी बाजू भरताना तिला तीन प्रसंग लगेच आठवले आणि ‘प्रक्रियेत सुधारणा’ पुढची जागा रिकामी राहिली. अशी रिकामी जागा दुसऱ्याच दिवशी दिसावी, याचसाठी ही दोन बाजूंची वही. आठवायला बारा दिवस मिळतात, आणि आठवतंही, कारण लोक स्वतःच्या कामातल्या सुधारणांना सुधारणा म्हणतच नाहीत. तिलाही पाचव्या दिवशी आठवलं की तिच्या ऑफिसात एकच बिल दोनदा भरलं जायचं. कारण असं होतं. सिस्टिम बिल क्रमांक जसाच्या तसा जुळला तरच अडवायची. पुरवठादाराचं बिल ‘४५७/२’ असं नोंदलं गेलं आणि तेच पुन्हा ईमेलनं आल्यावर दुसऱ्या कुणी ‘४५७-२’ असं टाकलं, की सिस्टिमला ती दोन वेगळी बिलं. तिनं क्रमांकातली चिन्हं काढून फक्त आकडे, रक्कम आणि पुरवठादार यांची तुलना करणारी एक्सेल शीट केली आणि पैसे सोडण्याआधी दर आठवड्याला ती चालवू लागली. तिच्या लेखी हे ‘आपलं एक शीट’ होतं. पॅनेलच्या लेखी ती चौथ्या ओळीची सगळ्यात भक्कम साक्ष आहे.

आता कंपनी. यावर तीन दिवस पुरतात, आणि शेवटी हाती एक पान उरलं पाहिजे. त्याहून जास्त जमवलेलं मुलाखतीत वापरता येत नाही. स्थापनेचं वर्ष आणि संचालकांची नावं पाठ करण्यात तर काहीच हशील नाही. कंपनी शेअर बाजारात असेल तर वार्षिक अहवाल मिळतो. त्यातली अध्यक्षांची प्रस्तावना भराभर चाळावी आणि व्यवसायाचा आढावा, जोखमींचं प्रकरण आणि ताळेबंद इथे थांबावं. आपल्या उमेदवाराच्या कामाशी थेट जोडलेला एक आकडा ताळेबंदात असतो: पुरवठादारांना द्यायची रक्कम. ती वर्षाच्या खरेदीनं भागून ३६५ नं गुणली की कंपनी साधारण किती दिवसांनी पैसे देते ते निघतं.

करून पाहू. आकडे काल्पनिक, चलन कोणतंही. गेल्याच्या गेल्या वर्षी खरेदी ७३० आणि देणी १००, म्हणजे ५० दिवस. गेल्या वर्षी खरेदी ८०३ आणि देणी १४३, म्हणजे ६५ दिवस. खरेदी दहा टक्क्यांनी वाढली आणि पैसे द्यायला लागणारे दिवस पन्नासाचे पासष्ट झाले. जाहिरातीत पुरवठादार तीनदा का आले, याचं एक संभाव्य कारण इथे दिसतं.

संभाव्यच. देण्यांचा आकडा वर्षाच्या शेवटच्या एका दिवसाचा असतो. त्या महिन्यात मोठी खरेदी झाली असेल तर तो फुगलेला दिसतो. काही अहवालांत खरेदी वेगळी दाखवलेली नसते, तिथे विकलेल्या मालाचा खर्च घ्यावा लागतो. मग दोन्ही वर्षांसाठी तोच घ्यायचा, आणि ते दिवस दुसऱ्या कंपनीच्या दिवसांशी ताडून पाहायचे नाहीत. शिवाय कंपनीनं करारातली मुदतच मुद्दाम वाढवून घेतली असेल तर पासष्ट दिवस हे चांगल्या वाटाघाटीचं फळ असू शकतं. म्हणून ‘तुम्ही पैसे उशिरा देता’ असं वाक्य मुलाखतीत कधीच बोलायचं नाही. हा आकडा वहीत प्रश्नाच्या रूपात लिहून ठेवायचा.

कंपनी शेअर बाजारात नसेल तर हा रस्ता इतका सोपा नाही. मग त्या कंपनीत किंवा तशाच कंपनीत तेच काम करणाऱ्या दोन माणसांशी वीस-वीस मिनिटं बोलावं. ‘कंपनी कशी आहे?’ असं विचारू नये. त्याला ‘चांगली आहे’ हेच उत्तर येतं. ‘महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत तुमचं काय चालतं?’ असं विचारलं की माणूस खरं बोलायला लागतो. आजी-माजी कर्मचाऱ्यांनी इंटरनेटवर लिहिलेली मतं वाचायची असतील तर राग वजा करून वाचावीत, आणि मुलाखतीच्या फेऱ्यांविषयी जे वारंवार आलं आहे तेवढंच घ्यावं.

पाचव्या ते सातव्या दिवशी प्रसंग बांधायचे. पाच पुरतात, सहा म्हणजे चैन. प्रत्येक उत्तराचे चार भाग मुलाखतीच्या जगात सर्वपरिचित आहेत: परिस्थिती, माझी जबाबदारी, मी काय केलं, काय झालं. लोक चुकतात ते प्रमाणात. दोन मिनिटांच्या उत्तरात दीड मिनिट पार्श्वभूमीवर जातं आणि ‘मी काय केलं’ला एक वाक्य उरतं. खरं तर पहिले दोन भाग मिळून वीस-पंचवीस सेकंद, शेवट तेवढाच, आणि मधला सगळा वेळ कृतीला द्यायला हवा. अनेक कंपन्यांत पॅनेलला प्रत्येक प्रश्नासाठी गुणांचा तक्ता दिलेला असतो, प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न विचारले जातात आणि समोरचा माणूस ऐकता ऐकता टिपणं घेत असतो. त्याला लिहून घेण्याजोगं काहीतरी मिळालं पाहिजे. ‘मी खूप मेहनत घेतली’ याचं टिपण होत नाही.

दुबार बिलांचा प्रसंग तिनं पहिल्यांदा असा सांगितला:

“आमच्याकडे बिलांचं प्रमाण खूप आहे, सिस्टिम जुनी आहे, त्यामुळे कधी कधी दुबार पेमेंट व्हायची. मग त्यावर आम्ही बरंच काम केलं, एक शीट तयार करण्यात आलं आणि आता परिस्थिती खूप सुधारली आहे.”

यात खोटं काही नाही आणि टिपून घ्यावं असंही काही नाही. किती बिलं? कधी कधी म्हणजे किती वेळा? शीट कुणी केलं? खूप सुधारली म्हणजे काय? तिसऱ्या सरावानंतर तोच प्रसंग असा झाला:

“महिन्याला साधारण नऊशे बिलं माझ्या टेबलावरून जातात. एका तिमाहीत सात बिलं दोनदा भरली गेल्याचं मला आढळलं. सातही तपासली, तर सहांमध्ये बिल क्रमांक दोन पद्धतींनी टाइप झाला होता, एकदा तिरक्या रेघेनं, एकदा आडव्या. सिस्टिम फक्त हुबेहूब जुळणारा क्रमांक अडवते. मी चिन्हं काढून फक्त आकडे, रक्कम आणि पुरवठादार जुळवणारी शीट केली आणि दर गुरुवारी, पेमेंट सोडण्याच्या आदल्या दिवशी, चालवायला सुरुवात केली. पुढच्या तिमाहीत एक दुबार पेमेंट झालं. ते दोन वेगवेगळ्या पुरवठादार कोडखाली होतं, म्हणून शीटमधून सुटलं. त्यानंतर मी बँक खाते क्रमांकही तुलनेत घेतला.”

हे बोलायला मिनिटभरही लागत नाही, म्हणजे पुढच्या प्रश्नांना जागा उरते. सुटलेल्या एका बिलाचा उल्लेख काढून टाकावा असं अनेकांना वाटेल. ठेवावा. पॅनेलमध्ये या कामातला माणूस असेल तर तो ‘शून्य झालं’ यावर विश्वास ठेवत नाही, आणि एक का सुटलं हे सांगू शकणारी व्यक्ती शीट स्वतः वापरते हे त्याला तिथेच कळतं.

इथे दोन मर्यादा पाळायच्या. एक, आकडा आठवत नसेल तर बनवायचा नाही. ‘नेमकी नोंद नाही, पण मी स्वतः हाताळलेली महिन्याला दोन-तीन असावीत’ हे उत्तर चालतं. ‘सत्तर टक्के घट’ हे उत्तर ‘कशाच्या सत्तर टक्के?’ या एका प्रश्नात कोसळतं. दोन, सध्याच्या कंपनीच्या पुरवठादारांची नावं आणि रकमा सांगायच्या नाहीत. बिलांची संख्या किंवा प्रमाण सांगितलं तरी मुद्दा पोचतो. आजच्या मालकाची माहिती सैल सोडणारा उद्या आमचीही सोडेल, हे पॅनेलला लगेच सुचतं, आणि पैशाच्या विभागात तर पहिल्यांदा तेच सुचतं.

आता आवाज. प्रसंग लिहून झाले की ते पुन्हा पुन्हा वाचण्याचा मोह होतो, आणि वाचताना सगळं येतंय असं वाटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे देऊन हेच तपासलं होतं. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं पाहिलं तर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के राहिलं होतं, वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. मुलाखत पाच मिनिटांनी नसते. म्हणून सराव वही मिटून, मोठ्यानं, आणि शक्यतो मध्ये एखादा दिवस सोडून. सातव्या, नवव्या, अकराव्या आणि बाराव्या दिवशी अशा चार फेऱ्या पुरेशा होतात, पण चारही एकसारख्या नकोत.

पहिली फेरी एकट्यानं, फोनवर फक्त आवाज रेकॉर्ड करून. व्हिडिओ इतक्या लवकर घेतला तर माणूस स्वतःचे केस पाहत बसतो. ऐकताना तीनच गोष्टी तपासायच्या: पहिल्या वाक्यात प्रश्नाचं उत्तर आलं का, एकूण वेळ किती झाला, आणि ‘आम्ही केलं’, ‘करण्यात आलं’ किती वेळा आलं. आपल्याकडे ‘मी’ म्हणायचा संकोच असतो आणि एरवी तो शोभतोही, पण इथे गुण एका व्यक्तीला द्यायचे असतात. सांघिक काम असेल तर ‘आम्ही तिघं होतो, त्यात माझ्याकडे हे होतं’ असं स्पष्ट विभागून सांगावं.

दुसरी फेरी अशा माणसासमोर की ज्याला हे क्षेत्र माहीत नाही. भाऊ, मावशी, शेजारी, कुणीही. त्यानं वहीतले प्रश्न उलटसुलट क्रमानं विचारायचे आणि प्रत्येक उत्तरानंतर ‘मला असं कळलं की...’ म्हणून दोन वाक्यांत परत सांगायचं. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न त्याला विचारायचाच नाही, घरचे लोक ‘छान’ म्हणतात आणि फेरी वाया जाते. परत सांगताना त्याच्याकडून जे निसटतं तेवढंच उत्तरात कच्चं असतं. आपल्या उमेदवाराच्या मावशींना शीट कळलं, पण ‘माल मिळाल्याची नोंद’ का लागते हे कळलं नाही. एचआरच्या व्यक्तीलाही कदाचित कळणार नाही. मग एक वाक्य वाढलं: माल आलाच नसेल तर बिल बरोबर असूनही पैसे जायला नकोत, म्हणून.

तिसरी फेरी सगळ्यात त्रासदायक आणि सगळ्यात मोलाची. समोर त्याच क्षेत्रातला माणूस हवा, आणि त्यानं एकाच प्रसंगावर खोदत राहायचं. सात बिलं कशी सापडली? आधीच्या तिमाहीत किती होती ते पाहिलं का? एक बिल चुकून अडवलं गेलं असं झालं का? तुमचे साहेब काय म्हणाले? तुम्ही रजेवर असता तेव्हा शीट कोण चालवतं? शेवटच्या प्रश्नावर ती अडखळली, कारण कुणीच चालवत नव्हतं. यावर उत्तर रंगवायचं नसतं. तिच्याकडे अजून तीन दिवस होते. तिनं दुसऱ्या दिवशी ऑफिसात सहकाऱ्याला शीट शिकवलं आणि अर्ध्या पानाच्या सूचना लिहून ठेवल्या. मुलाखतीत ‘हे या आठवड्यातच लिहून दिलं’ असं खरं सांगता येतं.

या फेरीतच पाठांतरही उघडं पडतं. मध्येच प्रश्न आल्यावर उमेदवार पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करत असेल, तर उत्तर पाठ झालं आहे, समजलेलं नाही. त्यावर इलाज म्हणजे लिहिलेली उत्तरं बाजूला ठेवून प्रत्येक प्रसंगासाठी एका कार्डावर पाचच शब्द ठेवायचे: ‘नऊशे, सात, रेघ, गुरुवार, एक सुटलं’. वाक्यं दर वेळी वेगळी आली तरी हरकत नाही, किंबहुना वेगळीच यावीत.

प्रत्येक फेरीनंतर दुरुस्त्या दोनच घ्यायच्या. दहा घेतल्या की पुढच्या वेळी लक्ष समोरच्याकडे राहत नाही.

चौथी फेरी पूर्ण ४५ मिनिटांची, मुलाखतीच्याच वेळी, त्याच कपड्यांत, न थांबता. ‘स्वतःबद्दल सांगा’ पासून ‘तुम्हाला काही विचारायचं आहे?’ पर्यंत. चूक झाली तरी ‘थांब, पुन्हा घेऊ’ म्हणायचं नाही, कारण सावरून घेणं हाच या फेरीचा विषय. मुलाखत व्हिडिओवर असेल तर हीही व्हिडिओवर, त्याच ॲपवर, त्याच खोलीत. उजेड समोरून, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, लॅपटॉप चार्जिंगला, आणि इंटरनेट गेलं तर फोनचं हॉटस्पॉट आधीच जोडून पाहिलेलं.

तेराव्या दिवशी नवं काही वाचू नये. फाइल पिशवीत, पाठवलेल्या रेझ्युमेच्या तीन प्रती वरच्या कप्प्यात, पत्ता आणि गेटवर कुणाचं नाव सांगायचं ते कागदावर, कारण फोनची बॅटरी संपते. पगाराच्या अपेक्षेचा आकडाही आज पक्का करावा, एकच नको, खालची आणि वरची मर्यादा. निश्चित रक्कम किती आणि कामगिरीवर अवलंबून किती, हे वेगळं सांगता आलं पाहिजे. सध्याचा पगार विचारायला काही देशांत आणि राज्यांत कायद्यानं मनाई आहे, तेव्हा आपल्याकडचा नियम आधी पाहून घ्यावा. चौदाव्या दिवशी कार्डं एकदा डोळ्यांखालून घालायची, आणि लवकर झोपायचं.

एक काम मुद्दाम शेवटी ठेवलं आहे: तुम्ही विचारायचे प्रश्न. तीन लिहून न्यावेत, दोन विचारले जातात. वेबसाइटवर उत्तर असलेला प्रश्न विचारू नये. आपल्या उमेदवारानं वहीतला पासष्ट दिवसांचा आकडा इथे वापरायचा, असा: “अहवालावरून पुरवठादारांना पैसे द्यायचा कालावधी गेल्या वर्षी वाढलेला दिसला. मुदत बदलली आहे, की बिलांचं काम साचलं आहे? या जागेवरच्या माणसाकडून त्याबाबत पहिल्या सहा महिन्यांत काय अपेक्षा आहे?”

उत्तर ‘आम्ही करारच बदलले’ असं आलं, तर जुन्या मुदतीवर अडलेल्या पुरवठादारांचे फोन घेणं हे पहिल्या महिन्यांचं मुख्य काम असणार. ‘नवी सिस्टिम आली, त्यात बिलं अडकली’ असं आलं, तर आधी साचलेल्या बिलांचा ढीग, आणि त्यात दुबार बिलं हमखास, कारण पैसे न मिळालेला पुरवठादार तेच बिल पुन्हा पाठवतो. तेव्हा शीटचा प्रसंग आधी सांगून झालेला नसेल तर सांगायची जागा हीच. आणि तिघांनी एकमेकांकडे पाहून तीन वेगळी उत्तरं दिली, तर नेमणूकपत्रावर सही करण्याआधी एचआरला आणखी एकदा फोन करून विचारायचं: या जागेवर आधी कोण होतं, आणि ते कधी गेले?